शेवटचा शब्द आधी वाचा

तुळशीदास सरांच्या वर्गात फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात एक ओळ कायम असायची. ‘शेवटचा शब्द आधी वाचा.’ फळा पुसताना ते तेवढा कोपरा सोडून पुसत.

वर्ग दर रविवारी सकाळी गास गावच्या समाजहॉलमध्ये भरे. फी नव्हती. घरी बसून तत्त्वज्ञानात एम.ए. करणारी दहा-अकरा माणसं येत. कोणी फुलपाड्याहून, कोणी चंदनसारहून. ‘धर्माचे तत्त्वज्ञान’ या पेपरात सगळी अडकलेली. वाचन भरपूर, माहिती भरपूर, आणि गुण शंभरात तीसच्या आसपास.

सर सव्वीस वर्षं कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवत होते. कायम कधी झाले नाहीत. निवृत्त व्हायला पदच नव्हतं. एका जूनमध्ये कॉलेजने बोलावलं नाही एवढंच. मग ते वाडीत लक्ष घालू लागले. सोनचाफ्याची चाळीस झाडं, थोडी केळी, विहिरीच्या कडेला अळू. यंदा पहिल्यांदाच विद्यापीठाच्या अभ्यासकेंद्राने त्यांना समंत्रक, म्हणजे मार्गदर्शक शिक्षक, म्हणून नेमलं. वयाच्या बासष्टाव्या वर्षी त्यांच्या नावाचं पहिलं नेमणूकपत्र. त्यांच्या बायकोने, प्रेमलाबाईंनी, ते लॅमिनेट करून देव्हाऱ्याशेजारी टांगलं.

“एवढं काय त्यात?” सर म्हणाले होते.

“तुम्हाला नसेल,” प्रेमलाबाई म्हणाल्या. “मला आहे. सव्वीस वर्षं लोक विचारायचे, कायम झाले का. आता दाखवीन.”

सर शिकवायचे ते असं. प्रश्न काहीही असो, तो शेवटून वाचायचा. चर्चा करा, मूल्यमापन करा, कितपत खरे आहे ते तपासा. हा शब्द परीक्षकाने सजावटीला टाकलेला नाही, तो तुमच्याकडून काम मागतोय.

“चर्चा म्हणजे आपली समाजाची मीटिंग,” ते म्हणायचे. “हॉल भाड्याने द्यायचा की नाही. देणारे बोलणार, न देणारे बोलणार. दोघांचं म्हणणं त्यांच्या तोंडून आल्यासारखं नीट मांडायचं. एकाचं चांगलं आणि दुसऱ्याचं मुद्दाम पोचट मांडाल तर ती चर्चा नाही. आणि शेवटी हात वर करायचाच. मीटिंगला येऊन नुसता चहा पिऊन जाणारे असतात तसं करायचं नाही.”

सगळे हसायचे. पुढच्या बाकावरचा मितेश म्हणायचा, “सर, माझे बाबा तसेच आहेत.”

“माहीत आहे मला. बिस्किटंही नेतात.”

मूल्यमापन म्हणजे फुलवाला. चाफा हातात घेतला की तो आधी काय बघणार ते ठरलेलं असतं. कळी किती उमलली, देठ किती ताजा. आधी निकष, मग तोलणं, मग भाव. “निकष न सांगता भाव सांगाल तर परीक्षक विचारणार, कशावरून? आणि निकष सांगून भाव सांगितलाच नाही, तर तुम्ही टोपली बघून परत गेलात.”

आणि ‘कितपत’. तिथे ते भिंतीकडे बोट करायचे. हॉलच्या भिंतीवर पुराच्या पाण्याची तपकिरी रेघ होती, गुडघ्याच्या वर. “पाणी आलं होतं का, असं कोणी विचारत नाही. कुठवर आलं, ते विचारतात. विधान खरं की खोटं एवढं लिहिलंत तर काम झालं नाही. कुठवर खरं, आणि तिथेच का थांबतं, ते सांगा.”

हे सगळं लोकांना कळायचं. घरी जाऊन लिहायला बसले की हात थांबायचा. पहिलं वाक्यच सुचत नसे. म्हणून सरांनी नमुने द्यायला सुरुवात केली. प्रत्येक शब्दासाठी एक सुरुवात. ते सावकाश सांगत, वर्ग उतरवून घेई.

चर्चेसाठी: ‘धार्मिक अनुभव हा ईश्वराच्या अस्तित्वाचा पुरावा मानावा का, याबद्दल मतभेद आहेत. समर्थकांच्या मते, ज्याला अनुभव आला त्याच्यावर सबळ कारणाशिवाय अविश्वास दाखवणे योग्य नाही. विरोधकांच्या मते, तोच अनुभव मनाच्या व्यवहारातूनही समजावता येतो. दोन्ही बाजू मांडून, एकाच्या अनुभवाने दुसरा कितपत बांधला जातो या मुद्द्यावर मी निष्कर्षाकडे येईन.’

‘कितपत’साठी: ‘धर्माशिवाय नीती टिकत नाही हे विधान, माणूस नीती कशी शिकतो याबाबत बऱ्याच अंशी खरे आहे, नीतीचे समर्थन कशाने होते याबाबत ते फार थोड्या अंशी खरे आहे.’

आणि मूल्यमापनासाठी, जो पुढे सगळ्यांच्या तोंडी बसला: ‘दुःखातून माणूस घडतो, म्हणून दयाळू ईश्वराच्या जगातही दुःखाला स्थान आहे, या उपपत्तीचे मूल्यमापन दोन निकषांवर करता येईल. एक, ती स्वतःशी सुसंगत आहे का. दोन, जगात दिसणाऱ्या दुःखाचे प्रमाण तिच्यातून समजते का. पहिल्या निकषावर ती टिकते. दुसऱ्यावर ती ढासळते, असे मी दाखवणार आहे.’

हा नमुना सांगताना सरांचा आवाज जरा बदलत असे. त्यांना तो आवडायचा.

वर्गात सर्वांत हुशार हेमाली. सत्तावीस वर्षांची, गासचीच, सरांच्या चुलतभावाची सून. नालासोपाऱ्याच्या एका ज्युनिअर कॉलेजात तासिकेवर तर्कशास्त्र शिकवत होती. कॉलेजने तिला लेखी कळवलं होतं, तीस जूनपर्यंत एम.ए.ची गुणपत्रिका जमा करा, नाहीतर ते तास दुसऱ्याला. एवढा एकच पेपर राहिला होता. तिची वही बघण्यासारखी होती. प्रत्येक रविवारी वर तारीख, खाली रेघ, सर जे बोलले ते शब्दन् शब्द.

सर्वांत मागे रंभाताई. पन्नाशीच्या, खाडीकाठच्या गावातल्या. शेती होती, आणि गावातल्या बालवाडीत त्या मुलं सांभाळत. त्यांचा धाकटा, चिराग, आदल्या वर्षी एप्रिलमध्ये खाडीत बुडाला होता. एकोणीस वर्षांचा. त्यानंतर दोन महिने त्या आल्या नाहीत. मग आल्या, आणि मागच्या बाकावर बसल्या. कोणी काही विचारलं नाही.

त्यांना पाठांतर जमत नसे. “सर, तुम्ही सांगता ते बरोबर हाय,” त्या म्हणाल्या होत्या. “पन माझ्या डोक्यात ते ऱ्हात नाय. पानी धरून ठेवल्यासारखं होतं.”

“मग तुमच्या शब्दांत लिहा.”

“माझ्या शब्दांना मार्क कोन देनार?”

मितेश हसला. सर हसले नाहीत.

परीक्षेआधीचा शेवटचा रविवार एप्रिलमधला. हॉलमध्ये उकाडा. सरांनी मागच्या पाच वर्षांचे पेपर भिंतीला चिकटवले होते. दुःखाच्या प्रश्नावर पाचही वेळा एकच शब्द आला होता. मूल्यमापन करा.

“सर, यंदा पण तेच येणार?” मितेशने विचारलं.

सर पेपरांकडे बघत राहिले. मग म्हणाले, “दुःखावर मूल्यमापनच येणार. हा नमुना पक्का करा. या विषयाला बाकीचं सोडा.”

पाठ करून घेतलं. एकेकाला उभं करून. दहाही जणांनी न अडखळता म्हटलं. सरांना बरं वाटलं. फळ्याच्या कोपऱ्यातली ओळ त्यांच्या मागेच होती.

त्या दिवशी रंभाताई नव्हत्या. चिरागचं वर्षश्राद्ध होतं.

पेपर झाला. दुपारी हेमालीचा फोन आला नाही, म्हणून सरांनीच केला.

“कसा गेला?”

“बरा गेला, सर.” मग थोडं थांबून, “दुःख आलं होतं.”

“मग झालं तर.”

“हो, सर.”

दहा जूनला निकाल लागला. अकरा जणांपैकी एकीचाच. रंभाताई पास. दुःखाच्या प्रश्नात वीसपैकी चौदा. बाकी दहा जणांच्या नावापुढे ‘राखून ठेवला’. दोन दिवसांनी पत्रं आली. एकाच केंद्रावरील दहा उत्तरपत्रिकांत एका प्रश्नाचा पहिला परिच्छेद शब्दशः सारखा आढळला आहे. सामूहिक नक्कल झाल्याचा संशय आहे. अठरा तारखेला चौकशी समितीसमोर हजर राहावे. अकरावं पत्र समंत्रकांना होतं. आपले म्हणणे लेखी मांडावे.

सरांनी पत्र दोनदा वाचलं. प्रेमलाबाई अळूची पानं पुसत होत्या.

“नक्कल कोणी केली?” त्यांनी विचारलं.

“कोणी नाही.”

“मग सारखं कसं?”

“मी सांगितलेलं आहे ते. दहाही जणांना. पाठ करून घेतलं.”

“मग तसं सांगा. त्यात काय?”

सरांनी पेपर मागवून घेतला होता. तो त्यांनी बायकोपुढे ठेवला. बाई दहावी झालेल्या. त्यांनी मोठ्याने वाचलं. “‘जगात दुःख आहे, म्हणून दयाळू ईश्वर नाही.’ चर्चा करा.” मग नवऱ्याकडे बघितलं. त्यांना वर्गातलं काही माहीत नव्हतं, पण ती ओळ माहीत होती. घरी किराणा सामानाची यादी वाचतानासुद्धा सर ती म्हणत.

“चर्चा करा,” त्या पुन्हा म्हणाल्या.

“हो.”

प्रश्न देवच नाही म्हणणाऱ्याचा होता. त्याला आधी पूर्ण बोलू द्यायचं होतं. मग दुसरी बाजू, मग हात वर. दहा जणांनी त्याला बोलूच दिलं नव्हतं. त्याच्या उत्तरादाखल दिलेल्या एकाच उपपत्तीचे निकष काढून, ती तोलून, भाव सांगून मोकळे झाले होते.

हेमाली संध्याकाळी आली. वही घेऊन. तिचे डोळे कोरडे होते.

“यात आहे सगळं,” ती म्हणाली. “तारखेसकट. ही समितीला दाखवली की नक्कल नाही हे सिद्ध होईल. तीस तारखेच्या आत निकाल द्या म्हणून विनंती करू.”

तिने पान उघडून दिलं. एप्रिलमधला तो रविवार. वर तारीख. खाली नमुना, सुवाच्य अक्षरात. त्याच्या खाली चौकटीत: ‘दुःखावर मूल्यमापनच येणार. बाकीचं सोडा. – सर.’

ती गेल्यावर सर ते पान बघत बसले.

दुसऱ्या दिवशी निकोलस आला. जुना मित्र, चर्चच्या शाळेतून निवृत्त झालेला मुख्याध्यापक. वाडीत चाफ्याखाली खुर्च्या टाकून बसले. निकोलसने पान वाचलं, चष्मा काढला.

“हे खालचं कापता येईल,” तो म्हणाला.

“कापलेलं दिसेल.”

“मग झेरॉक्स दे. वरच्या अर्ध्याची. आणि निवेदन कसं लिहायचं ते तुला मी सांगायला नको. तूच शिकवतोस ना? चर्चा कर. एकीकडे विद्यार्थ्यांची मेहनत, एकीकडे पाठांतराची आपली सवय, सगळीकडेच चालते. दोन्ही बाजू मांड आणि थांब. निकाल त्यांना देऊ दे.”

“ती चर्चा नाही झाली. चहा पिऊन जाणं झालं.”

“अरे, तुझं पत्र टांगलंय घरात. प्रेमलाने सगळ्या गासला दाखवलंय.” निकोलस चिडला होता. “सव्वीस वर्षांनी एक कागद मिळाला तुला. आणि तो तू एका चौकटीपायी घालवणार? सगळे मास्तर सांगतात असं. मी पण सांगितलंय.”

“त्या पोरीची नोकरी आहे.”

“खालचं वाक्य दाखवून तिला काय मिळणार? वरचं पुरे आहे.”

निकोलस बरोबर बोलत होता. नक्कल नाही, एवढं सिद्ध करायला वरचा अर्धा भाग पुरला असता. खालच्या वाक्याने सिद्ध झालं असतं तर एवढंच, की चुकीच्या सुरुवातीचा दोष एकट्या त्या दहा जणांचा नव्हता. समिती कदाचित त्यामुळे काही देईल. कदाचित नाही.

निवेदन लिहायला त्यांना तीन दिवस लागले. पहिला मसुदा दोन्ही बाजूंचा झाला. फाडला. दुसऱ्यात दोष कितपत माझा, असा सूर लागला. प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांचाही थोडा निघाला. तोही फाडला. तिसरा एका पानाचा होता. प्रेमलाबाईंना त्यांनी वाचून दाखवला.

‘माझ्या अध्यापनाचे मूल्यमापन मी दोन निकषांवर करतो. एक, विद्यार्थ्यांनी प्रामाणिकपणे काम केले का. दोन, मी त्यांना प्रश्न वाचायला शिकवले का. पहिल्या निकषावर वर्ग पूर्ण उतरतो. परिच्छेद माझा आहे, त्यांनी तो पाठ केला, कोणीही कोणाचे पाहिले नाही. सोबत वहीचे पान जोडले आहे. दुसऱ्या निकषावर मी नापास आहे. कोणता शब्द येणार हे मी आधीच सांगितले, आणि इतर शब्दांची तयारी सोडायला लावली. त्या दिवशी जी विद्यार्थिनी वर्गात नव्हती, तिनेच प्रश्नाचे उत्तर लिहिले आहे. दोष विद्यार्थ्यांवर ठेवू नये. त्यांचे निकाल तीस जूनपूर्वी जाहीर करावेत.’

बाईंनी देव्हाऱ्याशेजारच्या पत्राकडे बघितलं. मग म्हणाल्या, “कागद काढू खाली?”

“राहू दे. ते सांगतील तेव्हा.”

अठरा तारखेला विरारच्या परीक्षाकेंद्रावर समिती बसली. तिघं जण. वर्गातले बाक भिंतीला सरकवलेले. मधल्या बाईंनी निवेदन वाचलं, वहीचं पान बघितलं. त्या कडक होत्या, पण वाईट नव्हत्या.

“तुम्ही हे खालचं का जोडलंत?” त्यांनी विचारलं.

“ते त्याच पानावर आहे.”

बाईंनी एक उत्तरपत्रिका पुढे ओढली. “ही अकरावी. तुमच्याच वर्गातली ना? सुरुवात वाचते. ‘ज्याचं मूल गेलं तो विचारतो, देव दयाळू आहे तर हे का? हा प्रश्न रागाचा आहे, पण तेवढाच नाही. त्यात तर्क आहे, आणि तो आधी नीट ऐकला पाहिजे. देव मानणारे म्हणतात, दुःखाला कारण आहे, ते आपल्याला दिसत नाही. त्यांचंही ऐकलं पाहिजे. कारण दिसत नाही आणि कारण नाही, या दोन गोष्टी एक आहेत का, यावर मी हा वाद तोलणार आहे.’” त्यांनी कागद ठेवला. “हा नमुना कोणाचा?”

“कोणाचा नाही,” सर म्हणाले. “त्यांचा.”

खोलीत पंखा फिरत होता. बाईंनी काहीतरी लिहून घेतलं.

नकलेचा संशय काढून टाकण्यात आला. निर्णय सहा जुलैला आला. प्रश्नाला मिळालेले मूळ गुण कायम. विचारलेल्या प्रश्नाला धरून उत्तर नाही, म्हणून वीसपैकी कोणाला चार, कोणाला पाच. मितेश कसाबसा पास झाला. आणखी दोघं झाले. हेमाली तीन गुणांनी राहिली. समंत्रकांची नेमणूक त्याच पत्राने रद्द झाली होती. हेमालीच्या कॉलेजने तीस जूननंतर दोन दिवसच वाट बघून तास दुसऱ्याला दिले होते.

ती आठवड्याने आली. वही न्यायला. सर ओटीवर बसले होते. त्यांनी वही आत ठेवली नव्हती, शेजारीच होती.

“बस.”

ती बसली नाही. “सर, एक सांगायचं होतं. तुम्ही लिहिलंत की तुम्ही आम्हाला प्रश्न वाचायला शिकवलं नाही. ते खरं नाही.”

सरांनी वर बघितलं.

“मी वाचला होता शेवटचा शब्द. आधी तोच वाचला. चर्चा करा. मला कळलं होतं काय करायचं ते. पाच मिनिटं पेन धरून बसले होते. दुसरी बाजू काय लिहायची तेही आलं होतं डोक्यात.” ती थांबली. “मग वाटलं, सरांनी सांगितलंय बाकीचं सोडा. सर उगाच नाही सांगणार. आणि पाठ केलेलं लिहून टाकलं.”

आत भांड्यांचा आवाज थांबला होता.

“त्या दिवशी फोनवर बोलली नाहीस,” सर म्हणाले.

“तुम्ही म्हणालात, मग झालं तर.”

तिने वही पर्समध्ये घातली. पायरी उतरली. मग परत वळून म्हणाली, “ऑक्टोबरला बसणार आहे मी. पण वर्गाला येणार नाही, सर. राग नाही. तुमचा आवाज येतो मधे.”

ती गेली. फाटकाची कडी तिने नीट लावली.

पुढच्या रविवारी हॉल उघडायला सर गेले नाहीत. किल्ली त्यांच्याकडेच होती. साडेनऊला रंभाताई वाडीत आल्या. हातात चिंबोऱ्यांची पिशवी, आत खेकडे वळवळत होते. पास झाल्याचे पेढे त्यांनी आणले नव्हते. घरात वर्ष झालं तरी गोड होत नव्हतं.

“हॉल बंद हाय,” त्या म्हणाल्या.

“वर्ग बंद केला, ताई.”

त्या चाफ्याखालच्या खुर्चीत बसल्या. प्रेमलाबाईंनी पिशवी आत नेली.

“तुम्ही पास झालात. आता कशाला वर्ग?” सरांनी विचारलं.

“लिहिलं ते खरं, सर. शेवटी हात पन वर केला. देव मानन्याच्या बाजूनं केला. वीस मिन्टं उरली होती, लिहून टाकलं.” त्यांनी पदराने तोंड पुसलं. “आता रोज वाटतं, चुकीच्या बाजूला केला. चौदा मार्क दिले त्यांनी. पन बरोबर का चूक ते कोनी सांगितलं नाय.”

त्यांच्याकडे याला नमुना नव्हता.

बाहेरून कोणीतरी फुलांसाठी हाक मारली. ते उठले नाहीत. आत देव्हाऱ्याशेजारी भिंतीवर पत्राचा खिळा तेवढा राहिला होता. प्रेमलाबाईंनी आतून विचारलं, चिंबोऱ्यांचं कालवण करू की सुकं.